वरचे अन्न सुरू झालेल्या बाळाचे पाणी: किती, कधी आणि कोणत्या भांड्यातून

प्रश्न: माझा मुलगा पावणेसात महिन्यांचा आहे. आम्ही नागपूरला राहतो. अंगावरचे दूध चालू आहे आणि तीन आठवड्यांपासून सकाळी नाचणी सत्त्व, संध्याकाळी मऊ वरण-भात देते. उन्हाळा आहे म्हणून सासूबाई प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर बाटलीने पाणी देतात, दिवसाचे अडीचशे मि. लि. तरी होते. तरीही शी घट्ट झाली आहे. महिन्यापूर्वी वजन ७.६ किलो होते, आता ७.७ आहे. सिपर आणला तर तो नुसता चावतो, स्टीलच्या पेल्याने दिले की ठसका लागतो. पाणी नेमके किती द्यावे, आणि कशातून?

उत्तर: तुमच्या बाळाला सध्या दिवसभरात साठ ते शंभर मि. लि. पाणी पुरे आहे. ते जेवणाच्या वेळी, घोटाघोटाने, लहान उघड्या पेल्यातून द्यावे. दूध पाजल्यावर बाटलीने दिले जाणारे पाणी आजपासून थांबवावे. हे मी एवढ्या ठामपणे का सांगतो आहे, ते तुमच्या बाळाच्याच आकड्यांवरून समजावून सांगतो, म्हणजे सासूबाईंशी बोलताना तुमच्या हाती नुसता डॉक्टरांचा निरोप नसेल, त्यामागचे कारणही असेल.

पहिली गोष्ट गरजेची. आईच्या दुधात शंभर भागांमध्ये साधारण सत्त्याऐंशी भाग पाणी असते. पहिले सहा महिने केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळे पाणी लागत नाही, अगदी विदर्भातल्या उन्हाळ्यातही लागत नाही, याचे कारण हेच आहे. उष्ण प्रदेशांत केलेल्या अभ्यासांतही हेच दिसून आले आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की दोन बदल होतात. अन्न दुधापेक्षा घट्ट असते, आणि वरण, दही, अंडे यांतील प्रथिनांचा व क्षारांचा जो भाग शरीराला नको असतो तो लघवीवाटे बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना थोडे जास्त पाणी लागते. या वयाची मूत्रपिंडे मोठ्या माणसाइतकी दाट लघवी तयार करू शकत नाहीत. म्हणून जेवणासोबत थोडे पाणी द्यावे हे बरोबर आहे. प्रश्न फक्त त्या ‘थोड्या’चा आहे.

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने सात ते बारा महिन्यांच्या बाळांसाठी दिवसाला आठशे मि. लि. पाणी धरले आहे. हा आकडा ऐकला की घरातली मंडळी दचकतात, पण त्यात दुधातले आणि अन्नातले पाणी धरलेले असते, आणि तो निरोगी बाळे सरासरीने जेवढे घेतात त्यावरून काढलेला आहे, त्याहून कमी गेले तर बाळ सुकेल अशा अर्थाने नाही. आता तुमच्या बाळाचा हिशोब करू. या वयाचे अंगावर पिणारे बाळ दिवसभरात साधारण साडेसहाशे मि. लि. दूध घेते असे धरले, तर त्यातून पाचशे साठच्या आसपास पाणी मिळते. सत्त्व आणि मऊ वरण-भात यांच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग पाणीच असते. दोन्ही वेळा मिळून दीडशे-एकशे साठ ग्रॅम अन्न पोटात गेले तर त्यातून आणखी सव्वाशे मि. लि. मिळते. बेरीज सहाशे ऐंशीच्या पुढे जाते. उरले शंभर-सव्वाशे, आणि तेही सरासरी बाळाच्या मापाने. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते एक वर्ष या वयात दिवसाला चार ते आठ औंस, म्हणजे साधारण एकशे वीस ते दोनशे चाळीस मि. लि. एवढे पाणी देता येईल असे सांगते. त्यातला वरचा आकडा तीन वेळा नीट जेवणाऱ्या, वर्षाकडे झुकलेल्या बाळासाठी समजावा. दोन वेळा अर्धी-अर्धी वाटी खाणाऱ्या, अजून सात महिनेही न झालेल्या बाळाने त्या आकड्यापर्यंत जाण्याचे कारण नाही.

मग जास्त गेले तर बिघडले कुठे, असे सासूबाई विचारतील, आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण मोठ्या माणसाला जास्तीचे पाणी सहसा बाधत नाही. बाळाच्या बाबतीत अडचण जागेची आहे. या वयात जठराची क्षमता दर किलो वजनामागे साधारण तीस मि. लि. धरतात. तुमच्या बाळाचे वजन ७.७ किलो आहे, म्हणजे एका वेळी पोटात सव्वादोनशे-अडीचशे मि. लि. मावतात. दूध पिऊन झाल्यावर त्यातच पन्नास मि. लि. पाणी गेले, तर पोट भरल्याची जाणीव जास्त वेळ टिकते आणि पुढचे पाजणे उशिरा होते किंवा कमी होते. दिवसभरात अडीचशे मि. लि. पाण्याने समजा त्याच्या निम्म्याच दुधाची जागा घेतली, तरी सव्वाशे मि. लि. दूध कमी झाले. त्यात ऐंशीहून अधिक कॅलरी असतात. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाची दिवसाची गरज साधारण सहाशे पंधरा कॅलरींची आहे, म्हणजे आठवा हिस्सा गेला, आणि त्या जागी शून्य कॅलरीचे पाणी आले. शिवाय बाळ जेवढे ओढते तेवढेच दूध तयार होते, त्यामुळे ओढणे कमी झाले की काही आठवड्यांत दूधही कमी होते, आणि मग ‘आईला दूध पुरत नाही’ असे म्हणून बाटलीचे दूध सुरू होते.

तुमच्या बाळाचे वजन महिन्यात शंभर ग्रॅमच वाढले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मुलग्यांचे मध्यावरचे वजन सहा महिन्यांना ७.९ किलो आणि नऊ महिन्यांना ८.९ किलो आहे, म्हणजे या काळात महिन्याला सरासरी सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास वाढ अपेक्षित असते. ७.७ हे वजन स्वतः काळजीचे नाही, ते तक्त्याच्या निरोगी पट्ट्यातच आहे. वाढीचा मंदावलेला वेग मात्र नोंद घेण्यासारखा आहे. एका महिन्याच्या दोन वजनांवरून निष्कर्ष काढू नये, कारण वजनकाटा वेगळा असेल किंवा मधे सर्दी-ताप झाला असेल तर एवढा फरक पडतो; परंतु जादा पाणी आणि कमी वाढ एकत्र दिसत असताना पाणी आधी कमी करून पाहणे हाच योग्य क्रम आहे. पाणी बदलल्यानंतर दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर, त्याच वेळी, उघड्या अंगाने वजन करा. काटा अंगणवाडीतला असला तरी चालेल, तो एकच असला पाहिजे.

पाण्याचा खरा धोका मी आतापर्यंत बोललो नाही, कारण तुमच्या बाळाच्या प्रमाणात तो संभवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थोड्या वेळात भरपूर साधे पाणी पाजले, किंवा डब्याचे दूध पुरावे म्हणून त्यात जास्त पाणी घालून पातळ केले, तर रक्तातील सोडियम घटते. बाळ सुस्त होते, अंग गार पडते, झटकेही येऊ शकतात. डब्याचे दूध ज्यांच्या बाळांना चालू आहे त्यांनी डब्यावर लिहिलेले पाणी आणि भुकटीचे माप कधीही बदलू नये, उन्हाळ्यातही नाही. बाळाला तहान लागेल असे वाटले तर सहा महिन्यांनंतर पाणी वेगळे द्यावे, दुधात वाढवू नये.

आता घट्ट शी. यासाठीच पाणी वाढवले जाते, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. वरचे अन्न सुरू झाले की शीचा रंग गडद होतो, ती घट्ट होते आणि रोज होईलच असे राहत नाही. बाळ कुंथते, तोंड लाल करते, पण बाहेर येणारी शी मऊ असेल तर तो बद्धकोष्ठ नाही. शेळीच्या लेंड्यांसारखे कडक गोळे येत असतील, त्या वेळी बाळ रडत असेल किंवा शीला रक्ताची रेघ दिसत असेल, तर तो बद्धकोष्ठ. गरजेपुरते पाणी पोटात जात असताना त्यावर वाढवलेले पाणी शीमध्ये उतरत नाही, ते आतड्यातून शोषले जाऊन लघवीवाटे निघून जाते. या वयात शी मऊ ठेवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन: पुरेसे दूध आणि आहारातला चोथा व स्निग्धांश. तुमच्या बाळाचे दूध कमी झाले आहे आणि अन्न म्हणजे गाळलेले सत्त्व व भात आहे, ज्यांत चोथा जवळजवळ नाही. तेव्हा पाणी कमी करून दूध पूर्ववत करा, वरण-भातात एक लहान चमचा तूप घाला, त्यात भोपळा, दुधी किंवा पालक शिजवून कुस्करा, आणि दुपारी पिकलेली पपई किंवा वाफवलेले नाशपाती किंवा भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुकांचा गाळलेला गर दोन-तीन चमचे द्या. सत्त्वाऐवजी नाचणीचे साधे बारीक पीठ वापरले तर तेही बरे. चार-सहा दिवसांत फरक दिसायला हवा.

पाण्याची वेळ साधी आहे. खाणे अर्ध्यावर आले की दोन घोट, आणि खाणे संपल्यावर दोन-तीन घोट. सुरुवातीला एका जेवणाला वीस-तीस मि. लि. पोटात गेले तरी पुष्कळ झाले, आणि मधल्या वेळच्या फळानंतर आणखी एक-दोन घोट. खाण्याआधी देऊ नये, आणि अंगावर पाजण्याच्या आधी किंवा लगेच नंतर तर नाहीच. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाळ घामेजले असेल, तर आधी अंगावर घ्या. उन्हाळ्यात बाळे आपणहून जास्त वेळा आणि थोडे-थोडे पितात, ते त्यांना करू द्यावे. त्यानंतरही मधल्या वेळी पेल्यातून दोन घोट देण्यास हरकत नाही, दिवसाचे एकूण सव्वाशे-दीडशेच्या पुढे जाऊ नये एवढेच पाहा.

पाणी पुरते आहे की नाही हे लघवीवरून कळते. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून अधिक वेळा भरपूर लघवी होत असेल आणि ती फिकट असेल, तर बाळाला पाणी पुरते आहे. डायपर वापरत असाल तर जड झालेला डायपर मोजा, आणि शंका असेल त्या दिवशी घरी सुती लंगोट वापरा, म्हणजे रंग व वेळा दोन्ही दिसतात. लघवी गडद पिवळी, कमी वेळा होत असेल, तोंड कोरडे पडले असेल, रडताना अश्रू येत नसतील, टाळू खोल गेली असेल किंवा बाळ मलूल असेल, तर पाण्याचे घोट वाढवत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जुलाब-उलट्या चालू असताना साधे पाणी पुरत नाही. त्या वेळी जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, लागते. दोन वर्षांच्या आतील बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पन्नास ते शंभर मि. लि., चमच्याचमच्याने, आणि अंगावरचे दूध न थांबवता. आज पेल्यातून पिण्याचा सराव झालेला असेल तर त्या दिवशी त्याचा फार उपयोग होतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

आता भांड्याकडे वळतो. सिपर चावण्यात तुमच्या बाळाची काही चूक नाही. तुम्ही आणलेला सिपर पाण्याने भरून, झाकण लावून उलटा धरून पाहा. एक थेंबही पडत नसेल तर झाकणाच्या आत रबराचा व्हॉल्व्ह आहे. असा सिपर सांडत नाही म्हणून मोठ्यांना सोयीचा वाटतो, पण त्यातून पाणी यावे म्हणून बाळाला जोर लावून चोखावे लागते. म्हणजे पिणे बाटलीसारखेच राहते, घोट घेण्याची हालचाल शिकली जात नाही, आणि ज्याने जोर लावला नाही त्याला पाणी येतच नाही. मग तो तोटी चावतो. व्हॉल्व्ह बहुधा ओढून काढता येतो. तो काढल्यावर उलट्या सिपरमधून थेंब-थेंब पाणी पडू लागले, की तो प्रवासात वापरण्याजोगा झाला. मात्र तोटीच्या आत आणि झाकणाच्या खाचेत काळे ठिपके धरतात, ती बुरशी असते, आणि ती वरवर धुऊन जात नाही. तोटी बारीक ब्रशने रोज घासता येत नसेल तर तो सिपर न वापरलेला बरा.

घरी वापरण्यासाठी साधे, जाड काठाचे, पन्नास-साठ मि. लि. मावणारे स्टीलचे फुलपात्र मला सर्वांत चांगले वाटते. ते धुता येते, उकळता येते, लपून राहणारा एकही कोपरा त्यात नसतो आणि घरात ते बहुधा असतेच. तांब्या-पितळेचे भांडे मात्र बाळासाठी नको. पुण्यातील बालरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात लहान मुलांतील यकृताच्या एका प्राणघातक आजाराचा माग काढला, तेव्हा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यांत तापवलेले आणि ठेवलेले दूध लहानपणापासून पाजले जाण्याशी त्याचा संबंध दिसला. दुधात तांबे पाण्यापेक्षा अधिक उतरते हे खरे, पण आज पाण्याचा असलेला पेला उद्या दुधाचा होतो, म्हणून सुरुवातीपासून स्टीलच ठेवावे.

सासूबाईंच्या हातातल्या बाटलीबद्दलही सांगतो. बाटलीतून किती गेले ते बाळाच्या इच्छेपेक्षा बाटली धरणाऱ्यावर अवलंबून राहते, आणि बूच नीट उकळले गेले नाही तर जुलाब होतात. १९९२ साली आपल्याकडे झालेल्या कायद्याने दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घातली, ती याच अनुभवातून. तुमच्या बाळाला बाटलीची सवय पाण्यापुरतीच आहे, त्यामुळे ती आत्ता सोडवणे सोपे आहे. वर्षानंतर जड जाते. जुन्या घरांत बोंडले असते. आजारी, ओढू न शकणाऱ्या तान्ह्या बाळाला दूध घालण्यासाठी ते चांगले साधन आहे, पण त्यातून पाणी ओतले जाते, बाळ ते घोटाने घेत नाही. आडवे झोपवून बोंडल्याने पाणी ओतणे तर टाळावेच, कारण पाणी श्वासनलिकेकडे जाण्याची शक्यता त्यात सर्वाधिक असते.

पेल्याने ठसका का लागतो, ते समजले की उपाय आपोआप सुचतो. जेवढे द्रव पातळ तेवढे ते तोंडात वेगाने पळते. त्यामुळे साधे पाणी हा पिण्यातला सर्वांत अवघड प्रकार आहे. बाळाची जीभ अजून पुढे-मागे सरकून चोखण्याच्या सवयीत आहे, आणि ओठ काठावर मिटून घोट तोंडात धरून ठेवणे तिला नवे आहे. त्यात आपण पेला पटकन कलंडतो, बाळाची मान मागे जाते, आणि पाणी थेट घशावर आदळते. म्हणून तीन-चार दिवस पेल्यात पाणी न देता भाताची पातळ पेज किंवा वरणाचे किंचित दाटसर पाणी द्या, मीठ न घालता. त्याची गती कमी असल्याने जिभेला आवरता येते. ते जमले की साध्या पाण्यावर या.

बाळाला मांडीवर सरळ बसवा, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, हनुवटी किंचित खाली. समोर कुणीतरी, शक्य असल्यास सासूबाईच, आपला पेला घेऊन बसू द्या, कारण या वयाची मुले तोंडाकडे टक लावून पाहून शिकतात. फुलपात्र निम्म्याहून जास्त भरा; तळाशी थोडेच पाणी असले तर ते ओठाला लागण्यासाठी पेला फार कलंडावा लागतो, आणि त्याबरोबर मानही मागे जाते. काठ खालच्या ओठावर टेकवा, दातांच्या जागी हिरडीवर नाही. पाणी वरच्या ओठाला शिवेल एवढाच पेला कलता करा आणि थांबा. ओतू नका. बाळ वरचा ओठ पाण्यावर आणते, किंचित ओढते, आणि मग गिळते. गिळले की पेला खाली घ्या, दोन श्वास जाऊ द्या, मग पुढचा घोट. सुरुवातीला पहिल्या दोन-तीन घोटांतले निम्मे हनुवटीवरून छातीवर येते. तेवढे सांडणे ठरलेलेच आहे. बाळ काठ चावत असेल तर चावू द्यावे, कारण जबडा स्थिर धरण्याची ती त्याची पहिली रीत असते. दोन्ही हात पेल्याला लावू द्या, धरण्याचे काम मात्र तुमच्याकडेच ठेवा. रोज दोन्ही जेवणांना एवढेच केले तर बहुतेक बाळे काही आठवड्यांत दोन-तीन घोट सलग घेऊ लागतात. एकट्याने न सांडता पिणे वर्षानंतर, काहींना दीड वर्षानंतर जमते.

किती गेले ते मोजायचे असेल तर औषधाच्या मापाने पेल्यात पाणी ओता, शेवटी उरलेले परत मापात घ्या आणि लाळेऱ्यावर सांडलेले अंदाजाने वजा करा. आठवड्यातून एखाद्या दिवशी असे मोजले की पुरे. रोज मोजले तर आई आकड्याकडे पाहू लागते आणि बाळाने तोंड फिरवले तरी पेला पुढे करते. तोंड फिरवणे म्हणजे पुरे झाले, हे पाण्याच्या बाबतीत शब्दशः मानावे.

ठसका लागला आणि बाळ आवाज काढून खोकते आहे, रंग बदललेला नाही, तर त्याला किंचित पुढे झुकवून खोकू द्या. पाठीवर थापट्या मारण्याची गरज नसते. असा अधूनमधून लागणारा ठसका शिकण्याचा भाग आहे. पण पेजेसारखे दाट द्रव आणि सरळ बैठक असूनही जवळजवळ प्रत्येक घोटाला ठसका लागत असेल, पाणी प्यायल्यावर आवाज घरघरल्यासारखा ओला येत असेल, पाणी नाकातून येत असेल किंवा छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. खोकल्याचा आवाजच निघत नसेल आणि ओठ निळे पडत असतील, तर ती आणीबाणी आहे. अपुऱ्या दिवसांच्या, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या बाळांना वरची मापे लागू नाहीत. त्यांचे पाणी त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

पाणी कोणते, याबद्दल थोडेच सांगतो. सळसळून उकळी फुटली की ते निर्जंतुक झाले. त्याच भांड्यात झाकून गार करा, ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका, आणि चोवीस तासांनी उरलेले घरातल्या इतर कामाला वापरा. कोमट करून द्यायची गरज नाही. बोअरचे पाणी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी, की उकळल्याने जंतू मरतात पण फ्लोराइड आणि नायट्रेट कमी होत नाहीत, उलट पाणी आटल्याने किंचित वाढतातच. तुमच्या शेजारच्या चंद्रपूर-यवतमाळ भागात भूजलात फ्लोराइड असलेली गावे आहेत. तुमचे नळाचे पाणी असल्यास प्रश्न नाही. सुट्टीत गावी जाल तेव्हा विहीर-बोअर तपासलेली आहे का, हे विचारून घ्या. पाण्यात साखर, मीठ, ग्लुकोज पावडर, ओवा, बडीशेप काहीच नको, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नको, कारण मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे लहान बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. फळांचा रसही वर्षाआधी नको; फळ कुस्करून द्या.

आठव्या महिन्यात तीन वेळचे खाणे बसले की पाणी दीडशेपर्यंत आपोआप जाते, आणि नवव्या-दहाव्या महिन्यात हवी असल्यास स्ट्रॉ शिकवता येते: स्ट्रॉ पाण्यात बुडवून वरच्या टोकावर बोट दाबले की आत थोडे पाणी अडकते, खालचे टोक बाळाच्या ओठांत देऊन बोट उचलले की ते थेंब तोंडात येतात, आणि काही दिवसांत बाळ स्वतः ओढू लागते. वर्ष पूर्ण झाल्यावर वरचे दूध सुरू कराल तेव्हा तेही याच फुलपात्रातून द्या, दिवसाला चारशे-पाचशे मि. लि.च्या आत ठेवा, आणि तिथून पुढे पाण्याला माप लावू नका, जेवताना पेला जवळ ठेवला की पुरे.